दागिन्यांची यादी नव्याने लिही

प्रिय मुली,

सासरकडून स्त्रीधन परत मागण्यासाठी तू पाठवलेला कागद वाचला. ‘अंदाजे 20 तोळे सोनं, चांदीची भांडी, फर्निचर, लग्नाचा खर्च, सगळं सासरी आहे.’ हा कागद असाच वकिलाकडे गेला, तर अर्जातही असाच उतरेल आणि पुढची बाजू एका वाक्यात तो उडवून लावेल: ‘ती जाताना सगळं घेऊन गेली.’ अशा प्रकरणांत दागिने होते हे बहुधा कबूल होतं. ते शेवटी कोणाच्या ताब्यात होते, यावर गाडी अडते. म्हणून यादी नव्याने कर.

आधी गाळायचं काय ते सांगते. हॉल, जेवणावळी, मंडप हे स्त्रीधनात येत नाही. नवऱ्याला घातलेली अंगठी आणि चेन, सासूला दिलेली मानाची साडी, हेही नाही. मात्र सासरच्यांनी तुला घातलेलं मंगळसूत्र आणि पाटल्या तुझ्याच आहेत, आणि त्या तू लिहिल्याच नाहीस! आहेरात मामा-मावशीने दिलेलं, स्वतःच्या पगारातून घेतलेलं, तेही लिही. फ्रिज, पलंग अशा दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंची यादी वेगळी ठेव. त्यांचा निर्णय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली घटस्फोटाच्या निकालात करून घेता येतो. हुंडा म्हणून रोख रक्कम गेली असेल तर ती वकिलाला स्वतंत्रपणे सांग. हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 प्रमाणे ती घेणाऱ्याने तीन महिन्यांत वधूच्या हवाली करायची असते.

आता प्रत्येक दागिन्यासाठी एक ओळ. ठुशी घेऊ. वजन किती, कोणी दिली, पावती कोणाच्या नावावर, कुठल्या फोटोत ती गळ्यात दिसते, आणि शेवटची कुठे पाहिलीस. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘सासरी आहे’ असं लिहू नकोस. ‘पूजा झाल्यावर सासूबाईंनी ठेवायला मागून घेतली, त्यांच्या कपाटात ठेवली, नंतर सासूबाई आणि नवऱ्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये गेली,’ असं लिही. ज्याच्याकडे ती विश्वासाने सोपवलीस, तो सांभाळणारा झाला, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात हेच सांगितलं. परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, तो याच आधारावर. आणि जे अंगावर घालून माहेरी आलीस ते प्रामाणिकपणे ‘माझ्याकडे आहे’ म्हणून लिही. नेसत्या वस्त्रानिशी आले असं लिहिलंस आणि निघतानाच्या फोटोत कानात कुड्या दिसल्या, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

पावत्या नाहीत म्हणून हातपाय गाळू नकोस. वडिलांच्या नेहमीच्या सराफाकडे जुनी बिलं निघू शकतात. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो; तो बिलावर असेल तर उतरवून घे. आहेराची वही, बैठकीतली याद, लग्नाचा अल्बम आईकडून मागव. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेले नकोत, ज्या फोनने किंवा कॅमेऱ्याने काढले त्यातली मूळ फाइल जपून ठेव, कारण कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. आणखी दोन कागद आहेत, ज्यांचा विचार फारसा कोणी करत नाही. लॉकर कोणी कधी उघडला याची बँकेकडे नोंद असते. तू घर सोडल्याच्या आठवड्यात तो उघडला असेल, तर ते तारखेनिशी दिसतं. दागिने गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढलं असेल, तर त्या कागदांत दागिन्यांचा तपशील आणि वजन लिहिलेलं सापडतं. हे तुला बँक देणार नाही, कोर्टामार्फत मागवावं लागतं, म्हणून वकिलाला आत्ताच सांग.

पुरावा किती लागतो हे 2024 च्या माया गोपीनाथन प्रकरणावरून समज. केरळातलं लग्न, 2003 चं. माहेरून 89 पवन सोनं, म्हणजे आपल्याकडचे 70 तोळ्यांहून जास्त. पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने घेऊन आईकडे ‘सुरक्षित’ ठेवायला दिले, असं तिचं म्हणणं होतं. कुटुंब न्यायालयाने 2011 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो पुराव्याच्या मुद्द्यावर फिरवला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तिला 25 लाख रुपये द्यायला लावले. स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही, आणि अशा दाव्यात खुनाच्या खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागायचा नसतो. कोणाची हकीकत जास्त संभाव्य वाटते ते बघायचं, असं न्यायालय म्हणालं. पण तिच्या हयातीची किती वर्षं त्यात गेली तेही बघ. तुझी यादी जितकी नेमकी, तितकी ही फरफट कमी.

मार्ग कोणता? माझं मत स्पष्ट आहे: घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज आधी. धर्म कोणताही असो, तो लागू होतो. तू आत्ता जिथे राहतेस तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, सासरच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. वकील किंवा जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी, कोणामार्फतही दे. पहिल्याच दिवशी कलम 18 आणि 23 खाली अंतरिम आदेश माग, की लॉकर उघडू नये आणि दागिने विकू वा मोडू नयेत. कलम 19(8) खाली स्त्रीधन परत करण्याचा आदेश मिळतो. मागणीत रुपये लिहू नकोस, वजन लिही: ‘इतक्या ग्रॅमचा अमुक दागिना, किंवा परतफेडीच्या दिवशीच्या भावाने किंमत.’ प्रकरण चालेस्तोवर सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच वेळ लागतो, हे गृहीत धर. वेगळं होऊन काही वर्षं झाली म्हणून हक्क बुडत नाही. 2015 च्या कृष्णा भट्टाचार्जी प्रकरणात न्यायिक विभक्ततेनंतरही तिला मागणी करू दिली गेली, कारण अडवून ठेवणं हे चालूच राहणारं कृत्य आहे.

पोलिसांत फिर्यादही देता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम 316, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 406. त्यात पंचनामा होऊन दागिने जप्त होऊ शकतात, पण मग ते मुद्देमाल होतात आणि सुपुर्दनाम्यावर सोडवून आणावे लागतात. दागिने विकले जाण्याची खरी भीती असेल, तरच हा मार्ग आधी धर.

एक दिवस समोरून फोन येईल, ‘येऊन घेऊन जा.’ एकटी जाऊ नकोस. पंचांसमक्ष प्रत्येक दागिना काट्यावर तोलून घे, पावतीवर नग आणि वजन लिहून मगच सही कर, आणि जे मिळालं नाही तेही त्याच कागदावर लिही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात संमतीच्या अटींमध्ये ‘स्त्रीधन मिळाले, यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशी ओळ हमखास टाकलेली असते. तारीख लवकर मिळते म्हणून बायका घाईत सही करतात, आणि मग ठुशी सासूच्या कपाटातच राहते. ती ओळ वाचल्याशिवाय आणि हातात वजन आल्याशिवाय सही करू नकोस.

नवी यादी या रविवारपर्यंत पाठव. आईला शेजारी बसवून लिही, तिला तुझ्यापेक्षा जास्त आठवेल.

तुझी,
वकीलकाकू