रिलेत सगळ्यात वेगवान मुलगी शेवटी ठेवायची का?

प्रश्न: शाळेच्या मुलींची ४×१०० रिले आहे. चौघींच्या १०० मीटरच्या वेळा माझ्याकडे आहेत. सगळ्यात वेगवान मुलगी शेवटीच ठेवायची का?

नुसत्या त्या वेळांवरून क्रम ठरवू नका. मोजायचं ते बॅटनला. बॅटन बदलायचा झोन ३० मीटरचा असतो, दर १०० मीटरच्या मूळ रेषेच्या २० मीटर आधी सुरू होतो आणि १० मीटर पुढे संपतो. झोन वगळले तर पहिलीकडे बॅटन ८० मीटर राहतं, दुसरी-तिसरीकडे ७०-७० आणि शेवटचीकडे ९०. झोनच्या दोन्ही रेषा फक्कीने ठळक मारा, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि बॅटन झोनमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ काढा. स्टॉपवॉचने नको. बोटाच्या चुकीतच एक-दोन दशांश जातात, आणि इथे प्रश्न तेवढ्याचाच असतो.

समजण्यापुरते आकडे धरू. वेगाच्या क्रमाने मुली अ, ब, क, ड. नेहमीसारखं ब, क, ड, अ असं पळवलं तर झोनबाहेरचे तुकडे १०.७, ८.४, ८.७ आणि १०.५, म्हणजे ३८.३ सेकंद. झोनमध्ये ३.८, ४.३ आणि ४.४. एकूण ५०.८.

यातला ४.४ बघा. ड शेवटच्या वीस मीटरमध्ये दमते, आणि अ सुटताक्षणी वेग घेते. ड मागे पडते, अ मान वळवून थांबते. दोघींचाही वेग तिथेच मरतो.

आता अ आणि क यांची अदलाबदल करा: ब, अ, ड, क. अ ७० मीटर दोन्हीकडे पळतेच, म्हणून फरक पडतो तो फक्त वरच्या २० मीटरचा. तुकडे होतात १०.७, ८.१, ८.७, १०.९, म्हणजे ३८.४. तोटा एक दशांश. झोन मात्र ३.८, ३.९, ३.८ येतात, कारण क सावकाश वेग घेते आणि दमलेली ड तिला गाठू शकते. एकूण ४९.९.

ही अदलाबदल सोपीही आहे. पहिली आणि तिसरी उजव्या हातात बॅटन धरतात, दुसरी आणि चौथी डाव्या. त्यामुळे अ आणि क यांचा घेण्याचा हात बदलत नाही. अ ला फक्त देण्याचा सराव नव्याने लागेल. तिसरा टप्पा वळणावर असतो, त्यामुळे ड ला मात्र तिथून हलवायचं असेल तर तिच्या जागी येणारीचा वळणावरचा वेळ वेगळा घ्या. सरळ पट्ट्यातला वेळ वळणावर चालत नाही.

प्रत्येक जोडीचे पाच-सहा बदल घ्या, तेही देणारी पूर्ण टप्पा पळून आल्यावर. ताज्या पायांनी केलेले बदल ड चं दमणं लपवतात. त्यातला सगळ्यात चांगला नको, मधला वेळ धरा. आणि ३.७ देणारी पण पाचात एकदा झोनबाहेर बॅटन देणारी जोडी असेल, तर मी ३.९ वाली घेईन.