फंडामेंटल की टेक्निकल: चुकलो हे कोण सांगतं?

प्रश्न: फंडामेंटल बघणारे म्हणतात चार्ट म्हणजे ज्योतिष, आणि चार्टवाले म्हणतात सगळं प्राइसमध्ये आलेलं असतं. दोन वर्षं वाचतोय पण अजून गोंधळच आहे. नक्की कशावर विसंबायचं?

उत्तर:

चार्टवाल्यांना ज्योतिषी म्हणणाऱ्यांतला मीही होतो, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो. एका स्टील कंपनीचा शेअर 80 ला होता, इपीएस 20, म्हणजे पीई फक्त 4. कर्ज कमी होत चाललेलं, डिव्हिडंडही बरा. मला वाटलं लोक आंधळे आहेत, एवढी स्वस्त गोष्ट कुणाला दिसत कशी नाही. घेतला. 60 ला आला तेव्हा पीई 3 झाला, म्हणजे आणखी स्वस्त, मग आणखी घेतला. पुढे निकाल लागले आणि इपीएस 20 चा 5 झाला.

यात घोटाळा वगैरे काही नव्हता, साधा गुणाकार-भागाकार होता जो मी केला नव्हता. समजा टनाला 100 मिळतात आणि खर्च 80 आहे तर नफा 20. आता स्टीलचा भाव फक्त 15 टक्के पडला, 85 झाला, आणि खर्च तेवढाच राहिला तर नफा उरतो 5. म्हणजे भाव 15 टक्के खाली आणि नफा 75 टक्के खाली. (प्रत्यक्षात कच्चा मालही थोडा उतरतो पण भट्ट्या, पगार, व्याज हे काही उतरत नाही.) म्हणजे मी जो शेअर 4 पीईला घेतला असं समजत होतो तो येणाऱ्या नफ्याच्या हिशेबाने 16 पीईला घेतला होता. असल्या सायकलवर चालणाऱ्या धंद्यात पीई सगळ्यात कमी दिसतो तो नेमका नफा शिखरावर असताना, कारण मार्केट पुढचं बघून भाव आधीच पाडायला लागतं आणि भागाकार मात्र मागच्या वर्षाच्या नफ्याने होत असतो.

आणि चार्ट काय सांगत होता? मी पहिल्यांदा घेतला त्याच्या बरंच आधी भाव 200 दिवसांच्या अ‍ॅव्हरेजखाली गेलेला, अ‍ॅव्हरेज स्वतः खाली वळलेलं, आणि प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा खालीच विकली जात होती. चार्टला स्टीलबद्दल काहीही माहीत नसतं हो, पण ज्यांना माहीत होतं ते विकत होते आणि त्यांचं विकणं तिथे दिसत होतं.

तुम्ही म्हणाल की पीई बघणं म्हणजे काय खरं फंडामेंटल नव्हे, कॅश फ्लो काढून नीट व्हॅल्युएशन करायचं. करा की, मीही करतो, पण त्याची लवचिकता एकदा स्वतः बघा. सगळ्यात साधा फॉर्म्युला घ्या, पुढच्या वर्षीची कॅश भागिले (अपेक्षित परतावा वजा वाढ). कॅश 5, परतावा 10 टक्के, वाढ 5 टक्के, तर किंमत 100. आता वाढ 6 आणि परतावा 9 धरा, किंमत होते 167 च्या आसपास. वाढ 4 आणि परतावा 11 धरला तर 71. एकेक टक्का इकडे तिकडे, आणि पुढच्या वीस वर्षांची वाढ 5 की 6 हे छातीठोकपणे सांगणारा मला तरी भेटलेला नाही. म्हणून शेअर 110 ला असेल तर तो स्वस्त की महाग हे ही पद्धत सांगूच शकत नाही, 40 ला असेल तर बऱ्यापैकी सांगते. सोनं किंवा करन्सी असेल तर तेवढंही नाही, कारण सोन्याला कॅश फ्लोच नसतो, भागायचं कशाला?

पण खरी अडचण मला याच्यापेक्षा वेगळी वाटते. भाव जसजसा पडतो तसतशी ही पद्धत तो माल जास्त आकर्षक दाखवते, म्हणजे तुम्ही चुकलात हे तुम्हाला भावावरून कधीच कळणार नाही. ते कळतं निकालांवरून, आणि निकाल येईपर्यंत उशीर झालेला असतो.

टेक्निकलमध्ये हा प्रॉब्लेम नाही. सपोर्ट तुटला, स्टॉपलॉस लागला, बाहेर. चूक मान्य करायची सोय आतच बसवलेली आहे, म्हणूनच मला ती आवडायला लागली. फक्त त्यात एक गृहीतक लपलेलं असतं, की भाव पायरी पायरीने खाली येईल आणि तुमच्या स्टॉपवर कुणीतरी घेणारा उभा असेल.

यासाठी युरो-स्विस फ्रँकचा चार्ट जरूर बघा. सप्टेंबर 2011 मध्ये स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की एका युरोला 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, लागेल तेवढी परकी करन्सी विकत घेऊ. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तो 1.20 चा मजला टिकला, 2014 च्या शेवटी तर भाव त्याला चिकटूनच चाललेला. इतका सुंदर सपोर्ट पुस्तकातसुद्धा दिसत नाही! लोकांनी 1.20 च्या जरा वर खरेदी केली आणि स्टॉप जरा खाली लावले, रिस्क चिमूटभर, म्हणून उधारीवर मोठमोठ्या पोझिशन. 15 जानेवारी 2015 ला बँकेने तो मजला एका निवेदनात काढून टाकला आणि काही मिनिटांत भाव 1 च्या खाली गेला. मधल्या भावांना घेणारे जवळजवळ नव्हतेच. ज्यांचा स्टॉप 1.19 ला होता त्यांच्यातल्या कित्येकांचे सौदे त्याच्या खूप खाली झाले आणि काहींच्या खात्यात शिल्लक तर गेलीच, वर देणं झालं.

त्या चार्टवर जो सपोर्ट दिसत होता तो हजारो लोकांच्या मागणीचा नव्हता, एकाच संस्थेच्या निर्णयाचा होता. चार्ट बघून हा फरक कळत नाही, त्यासाठी त्या रेषेच्या मागे कोण उभं आहे हे बाहेरून माहीत असावं लागतं. कमी व्हॉल्यूमच्या शेअरचंही तेच, तिथे दोघंतिघं मिळून हवा तसा ब्रेकआउट काढून देतात.

म्हणून आता मी कामं वाटून दिलीत. काय घ्यायचं आणि किती घ्यायचं हे फंडामेंटल ठरवतं, आणि साइज अशी की स्टॉप लागलाच नाही, भाव थेट 30 टक्के खाली उघडला तरी झोप उडू नये. घेण्याआधी एक आकडा लिहून ठेवतो, उदाहरणार्थ टनामागचा नफा सलग दोन तिमाही अमुकच्या खाली गेला तर माझा अंदाज चुकला, भाव काहीही असो. आणि भाव 200 दिवसांच्या अ‍ॅव्हरेजखाली असेल तर पडतोय म्हणून आणखी घेणं बंद. यात कधीकधी चांगला माल हातचा जातो, कारण अ‍ॅव्हरेज नेहमी उशिराच वळतं आणि बाजार आडवा असेल तर रोज आत-बाहेर करायला लावतं.

तो स्टीलचा शेअर मी शेवटी 35 ला विकला. नंतर तो 40 वर आला, अ‍ॅव्हरेजच्या वरही गेला, पण तोवर इपीएस 1 उरला होता आणि पीई दिसत होता 40. एवढा महाग कोण घेणार म्हणून मी हात लावला नाही, आणि सायकल तिथूनच वर वळली.