धारेवरचा टेंट चिकटवल्यासारखा का दिसतो

प्रश्न: आम्ही छोटा आउटडोअर ब्रँड सुरू करतोय. टेंट (दोन माणसांचा, उंची ११५ सेंमी) सांगलीत ग्राउंडवर लावून मोबाईलने जवळून फोटो काढला आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या, पवनचक्क्या असलेल्या डोंगरधारेच्या फोटोवर बसवला, बाजूला सॅक, पोल, शूज ठेवले, थोडं धुकं टाकलं. तरी सगळे म्हणतात खोटा वाटतोय, टेंट कधी खेळण्यातला वाटतो कधी बंगल्याएवढा. मागचा, म्हणजे धारेचा, फोटो डिसेंबरमधे सकाळी उभं राहून काढलाय, ३५ची लेन्स होती. स्केल आणि हवामान पटेल असं कसं करायचं?

उत्तर:

मी साताऱ्यात प्रॉडक्ट फोटो आणि रिटचिंगचंच काम करतो आणि धारेवरचे असे जॉब बरेच येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. एक आधीच सांगतो, तुमचा मागचा फोटो वाया गेलेला नाही, टेंटचा फोटो मात्र परत काढावा लागेल, का ते पुढे येईलच.

आधी स्केल. टेंट अंदाजाने लहानमोठा करत बसू नका, एक साधा हिशोब आहे. फोटोत तुमच्या डोळ्यांच्या उंचीची एक आडवी रेघ असते, तिला नजरेची रेघ म्हणू. तुम्ही उभं राहून फोटो काढलाय म्हणजे कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. आता तुम्ही उभे होतात त्याच लेव्हलच्या जमिनीवर जे काही दीड मीटर उंच असेल त्याचा शेंडा या रेघेला बरोबर टेकणार, मग ते ५ मीटरवर असो की ५० मीटरवर. तुमचा टेंट १.१५ मीटर आहे, म्हणजे बुडापासून रेघेपर्यंतच्या अंतराचा साधारण पाऊण हिस्सा टेंट व्यापणार आणि त्याचा शेंडा रेघेच्या खालीच राहणार. सपाट जागेवर टेंटचा शेंडा रेघेच्या वर गेला की तो बंगला वाटायला लागतो आणि अर्ध्याच्याही खाली राहिला की खेळणं, तुम्हाला जे दोन्ही अनुभव आले ते इथूनच आलेत.

पण धारेवर यात एक मेख आहे. लोक समोरच्या डोंगररांगेच्या कडेलाच नजरेची रेघ समजतात. समोरचा डोंगर तुमच्यापेक्षा उंच असला तर त्याची कड रेघेच्या वर जाते, खालचं खोरं दिसत असलं तर ते रेघेच्या खाली येतं, म्हणून डोंगराच्या कडेवर भरवसा ठेवायचा नाही. फोटो काढताना कॅमेरा वर-खाली न कलवता सरळ समोर धरला असेल आणि नंतर फोटो कापला नसेल तर रेघ फोटोच्या उंचीच्या बरोबर मधोमध असते. कलवला असेल तर त्याच वेळी, त्याच जागी काढलेला एखादा फोटो शोधा ज्यात कोणी मित्र तुमच्याच लेव्हलला उभा आहे, त्याच्या साधारण गळ्याच्या जरा वर रेघ असणार.

दुसरी मेख म्हणजे उतार. धार कधीच टेबलासारखी सपाट नसते. टेंट जिथे बसवताय ती जागा तुमच्या पायापेक्षा एक मीटर खाली असेल तर रेघ तिथल्या जमिनीपासून अडीच मीटरवर गेली, मग टेंट पाऊण हिस्सा न व्यापता अर्ध्यापेक्षा थोडा कमीच व्यापेल. म्हणून टेंट बसवायची जागा आधी ठरवा, तिथला चढउतार बघा आणि मगच साइज करा.

आता टेंटचा फोटो परत का काढायचा. तुम्ही मोबाईलने जवळून काढलाय, समजा अडीच मीटरवरून. टेंट २.१० मीटर लांब धरला तर पुढची बाजू अडीच मीटरवर आणि मागची ४.६ मीटरवर, म्हणजे पुढचं टोक मागच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठं येतं. तोच टेंट ८ मीटरवरून बघितला तर पुढचं टोक फक्त सव्वापट मोठं दिसतं. शिवाय अडीच मीटरवरून तुम्ही टेंटच्या बुडाकडे ३० अंश खाली बघताय, ८ मीटरवरून फक्त १०-११ अंश. चाळकेवाडीच्या फोटोतलं गवत ८ मीटरवरून जवळजवळ आडव्या नजरेने दिसतंय आणि त्यावर वरून बघितलेला टेंट ठेवलाय, डोळ्याला कारण कळत नाही पण खटकतं. हे साइज कमीजास्त करून, वॉर्प करून जात नाही.

तर परत काढताना असं करा. टेंट फोटोत किती अंतरावर दिसायला हवा ते ठरवा, समजा ८ मीटर, टेप लावून मोजा. कॅमेरा दीड मीटरवर, लेन्स ३५चीच. ६००० बाय ४००० चा फुल फ्रेम फोटो असेल तर ८ मीटरवरचा ११५ सेंमीचा टेंट साधारण ८४० पिक्सेल उंच येतो. हा आकडा लिहून ठेवा, बसवताना त्याच्या आसपास यायला पाहिजे, फार फरक पडला तर अंतर किंवा लेन्स कुठेतरी चुकलीय. सॅक, पोल, शूजही त्याच वेळी तिथेच टेंटशेजारी ठेवून काढा, वेगळे काढून नंतर बसवायची गरजच नको. ५०-६० लिटरची सॅक साधारण ६५-७० सेंमीची असते म्हणजे टेंटच्या अर्ध्यापेक्षा थोडी जास्त, बघणाऱ्या ट्रेकरला हे न मोजता कळतं.

उजेड पण जुळवावा लागेल. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवल्यावर पाऊण तासाने साधारण ९-१० अंशांवर असतो, तेव्हा तुमच्या टेंटची सावली सपाट जमिनीवर साडेसहा-सात मीटर लांब पडते. त्याच दिवशी दहाच्या सुमाराला ती पावणेदोन मीटरच्या आसपास येते. मागच्या फोटोत एखादी पवनचक्की, खांब किंवा दगड असेल, त्याची सावली किती आणि कुठल्या बाजूला पडलीय ते बघा आणि टेंटचा फोटो तशाच उन्हात, त्याच बाजूने काढा. कापड पातळ असल्यामुळे ऊन मागून आलं की आतून उजळतं आणि केशरी टेंट असेल तर शेजारच्या गवतावर थोडी केशरी झाक पडते, ही झाक ठेवा, कापून टाकू नका.

आता वारा. आणि इथे तुमच्या मागच्या फोटोनेच तुम्हाला उत्तर देऊन ठेवलंय. त्यात पवनचक्क्या आहेत ना, झूम करून बघा त्यांची पाती कुठल्या दिशेला तोंड करून आहेत. या चक्क्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे फोटो काढला तेव्हा फिरत असतील तर वारा कुठून होता ते तिथे दिसतंय. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, तुमचा फोटो डिसेंबरचा आहे तर चक्क्या बघूनच ठरवा. गवतही वारा जिकडे जातोय तिकडे कललेलं असणार. मग टेंटला पण तोच वारा लागला पाहिजे: वाऱ्याकडची भिंत किंचित आत दबलेली, पलीकडचं कापड थोडं फुगलेलं, वाऱ्याकडच्या दोऱ्या ताठ आणि पलीकडच्या जरा ढिल्या. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला आणि टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडे, कारण ज्याने एकदा धारेवर रात्र काढलीय तो दुसरं काही करतच नाही. ताशी ३६ किमीचा वारा एका चौरस मीटर कापडावर साधारण ६ किलोचा दाब देतो आणि वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. गवत आडवं झालंय आणि टेंट शोरूममधे लावल्यासारखा तणावलेला, हे फोटोत आलं की गेलंच सगळं. सांगलीच्या ग्राउंडवर वारा नसतो म्हणून माझं म्हणणं की टेंट घेऊन सरळ धारेवरच या, किंवा निदान यवतेश्वरच्या बाजूला एखाद्या उघड्या माळावर.

एक बारीक गोष्ट जी मला प्रत्येक वेळी बघावी लागते ती म्हणजे पेग. आपल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, जांभ्याचा दगड असतो, वर माती चार बोटं. तिथे पेग असा पूर्ण आत जात नाही. खरा ट्रेकर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळतो आणि त्यावर दुसरा दगड ठेवतो. तुमच्या फोटोत जांभा उघडा दिसतोय आणि त्यात पेग लोण्यात सुरी गेल्यासारखे गेलेत असं असेल तर तिथेच पकडले जाल. तीच गोष्ट बुडाची, टेंटखालचं गवत दबलेलं पाहिजे आणि कडेचं थोडं कापडावर वाकलेलं, नुसती काळी सावली ओढून हे होत नाही.

शेवटी धुकं. तुम्ही जे टाकलंय ते आधी काढा आणि ठरवा ते कुठे आहे. डिसेंबरच्या सकाळी धुकं बऱ्याचदा खाली खोऱ्यात साचलेलं असतं आणि धार वर कोरड्या उन्हात, तेव्हा टेंट स्वच्छ, सावली कडक आणि फक्त खालचा भाग पांढरा. दुसरा प्रकार म्हणजे ढग धारेवरच चढलाय, तो जुलै-ऑगस्टमधला. तेव्हा १०० मीटरपर्यंतच दिसत असेल तर २० मीटरवरच्या वस्तूचा कॉन्ट्रास्ट सुद्धा निम्म्यावर येतो आणि मागची डोंगररांग, चक्क्या काहीच दिसत नाहीत, कडक सावली तर नाहीच. तुमच्या फोटोत धुकं टेंटच्या पायाशी आहे, मागे चक्क्या स्वच्छ आहेत आणि सावली पण आहे, तीनही एकत्र सहसा होत नाहीत. आणि गवत सोनेरी आहे म्हणजे पावसाळी ढग टाकायचा प्रश्नच येत नाही. डिसेंबरचाच ठेवा, खोऱ्यात धुकं आणि कापडावर सकाळचं दव, स्वच्छ आणि वारा पडलेल्या रात्रीनंतर टेंटच्या बाहेरून दव येतं, ते फोटो काढताना स्प्रेने बारीक मारून घ्या आणि थेंब बारीकच राहू द्या, मोठे झाले की पाऊस वाटतो.

जागेबद्दल एक. टेंट कासच्या पठारावर दाखवू नका, परत शूट करताना तर तिथे लावूच नका. २०१२ मधे ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आलंय, फुलांच्या जागी टेंट दिसला की इकडचे ट्रेकर सगळ्यात आधी तेच बोलतील. चाळकेवाडीला पण ज्या जागेवर लावणार तिथल्या मालकाची किंवा गावची परवानगी आधी घ्या, आणि टेंट अगदी कड्याच्या टोकाला न लावता धारेपासून थोडा आत, वाऱ्याच्या आडोशाला लावा, फोटोतही आणि खरोखरही.

परत काढलात की मागचा फोटो आणि टेंट दोन्हीचे मूळ फोटो पाठवा, रेघ कुठे आहे ते मी आखून देतो.