जादा वेळेची विनंती: परीक्षा केंद्राला नेमके काय लिहावे?

प्रश्न : "माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जादा वेळ मिळावा म्हणून परीक्षा केंद्राला ई-मेल केला, तर 'हे आमच्या अधिकारात नाही' एवढेच उत्तर आले. आता कोणाला आणि काय लिहायचे?"

उत्तर : केंद्राने दिलेले उत्तर कोरडे असले तरी चुकीचे नाही. जादा वेळ मंजूर करण्याचा अधिकार परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा, म्हणजे येथे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा असतो आणि केंद्र त्या मंजुरीची अंमलबजावणी करते. म्हणून महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत आधी परीक्षा विभागाकडे अर्ज करावा, आणि मंजुरीचे पत्र हाती आल्यावर केंद्राला ई-मेल पाठवावा.

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारे एक कुटुंब अशाच अडचणीत माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईने केंद्राला लिहिलेला ई-मेल मी वाचला. मुलगा किती कष्टाळू आहे, शाळेत त्याला किती बोलणी खावी लागली, हे सारे त्यात मनापासून लिहिलेले होते. परंतु कोणता पेपर, किती मिनिटे आणि कशाच्या आधारे, हे कुठेच नव्हते. सोबत जोडलेले प्रमाणपत्र मुलाच्या चौदाव्या वर्षीचे होते आणि खरी अडचण तिथेच होती. केंद्र सरकारच्या मूल्यमापन सूचनांनुसार डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा घ्यावे लागते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे धरले जाते. मुलगा एकोणीस वर्षांचा होता, त्यामुळे आधी सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करून नव्या तपासणीची वेळ घ्यायला मी सांगितले. या तपासणीला वेळ लागतो, म्हणून हॉल तिकीट येण्याची वाट पाहू नये.

आधार कोणता द्यायचा, हे त्या वेळी प्रमाणपत्रातील टक्केवारीवर ठरत होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अक्षमता ४० टक्के किंवा अधिक असेल, तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख करावा लागे; त्यांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला होता. टक्केवारी त्याहून कमी असूनही लिहिण्यात अडचण असल्यास ऑगस्ट २०२२ च्या सूचना लागू पडत, मात्र त्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे त्या अडचणीविषयीचे वेगळे प्रमाणपत्र लागे. या मुलाच्या नव्या प्रमाणपत्रात ४० टक्क्यांहून अधिक नोंद होती. मंजुरी आल्यावर आम्ही केंद्राला पाठवलेला मजकूर असा होता :

> विषय : जादा वेळेच्या मंजुरीनुसार बैठक व्यवस्थेबाबत (आसन क्रमांक …)
>
> मा. केंद्रप्रमुख,
>
> मी आपल्या केंद्रावर बी.कॉम. द्वितीय वर्षाची परीक्षा देत आहे. मला डिस्लेक्सिया असून प्रश्न वाचून समजून घेण्यास आणि उत्तर लिहिण्यास इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने मला दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मंजूर केला आहे. त्यानुसार तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटे अधिक मिळून माझा ११ वाजता सुरू होणारा पेपर दुपारी ३ वाजता संपेल.
>
> त्यासाठी स्वतंत्र खोलीत बसण्याची व्यवस्था व्हावी आणि त्या वाढीव तासासाठी पर्यवेक्षक नेमण्यात यावा, ही विनंती. मंजुरीचे पत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पेपरांचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. व्यवस्था निश्चित झाल्याचे कृपया कळवावे.

यातील स्वतंत्र खोलीची मागणी अनेक जण विसरतात. सर्वांबरोबर बसलेल्या मुलाला मंजुरी असूनही वेळ मिळत नाही, कारण घंटा होताच वर्गातील उत्तरपत्रिका गोळा होतात, गठ्ठा बांधला जातो आणि पर्यवेक्षक निघून जातात. शेवटची वेळ घड्याळाच्या आकड्यात लिहिण्याचे कारणही हेच. "जादा वेळ द्यावा" या वाक्याचा अर्थ केंद्रावरील प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. एकाच दिवशी दोन पेपर असतील तर पहिल्याचा वाढीव वेळ दुसऱ्याच्या सुरुवातीवर येतो का, हे वेळापत्रकावर खूण करून परीक्षा विभागाला आधीच दाखवावे, कारण केंद्र पेपरची वेळ हलवू शकत नाही.

दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच ई-मेलच्या खाली स्मरणपत्र पाठवावे, प्राचार्यांना त्याची प्रत द्यावी आणि मग प्रत्यक्ष जाऊन केंद्रप्रमुखांना भेटावे. या कुटुंबाला खोली भेटीनंतरच मिळाली. परीक्षेच्या दिवशी मंजुरीचे पत्र छापील स्वरूपात मुलाजवळ असू द्यावे आणि पेपर सुरू होण्यापूर्वी ते खोलीतील पर्यवेक्षकांना दाखवावे, कारण ई-मेल ज्यांनी वाचला ते त्या खोलीत असतीलच असे नाही.