डेटा सेव्हर नक्की कोणत्या ॲप्सना अडवतो?

प्रश्न: अँड्रॉइड फोनमध्ये डेटा सेव्हर चालू केलाय, तर कोणकोणती ॲप्स बंद पडतात? आणि काही मेसेज ॲप उघडल्यावरच येतात, ते यामुळेच का?

ठरलेली अशी यादी नसते हो. जे ॲप तुम्ही समोर उघडून वापरताय त्याला नेट मिळतं, आणि जे मागे गुपचूप नेट खेचत असतं त्याला मोबाइल डेटावर अडवलं जातं, एवढंच. म्हणजे गॅलरीतल्या फोटोंचा बॅकअप घ्या, ॲप उघडं आहे तोवर फोटो वर चढत राहतात, तुम्ही दुसरीकडे गेलात की थोड्या वेळात थांबतात, मग वायफाय मिळालं की परत सुरू. मेल, बातम्या, हवामानाचं विजेट यांचंही तसंच. पण ऑनलाइन गाणी किंवा नकाशावर रस्ता दाखवणारं ॲप स्क्रीन बंद केली तरी चालू राहतं, कारण वर नोटिफिकेशनमध्ये ते सतत दिसत असतं आणि सिस्टिम त्याला चालू ॲपच धरते.

मेसेजचं म्हणाल तर आधी एक बघा, वायफायवर असताना तेच मेसेज लगेच येतात का? येत असतील तर बहुतेक डेटा सेव्हरच. वायफायवरही उशीर होत असेल तर मग बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवर बंधन आहे का ते तपासा, डेटा सेव्हर बंद करून काही होणार नाही. (वायफाय म्हणजे दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट असेल तर ही टेस्ट फसू शकते, कारण फोन त्याला मोबाइल डेटासारखंच मोजून वापरायचं नेट समजू शकतो.)

डेटा सेव्हरच निघाला तर सेटिंगमध्ये Network & internet, त्यात Data Saver, त्यात Unrestricted data उघडा आणि फक्त ते मेसेजचं ॲप चालू करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नावं आणि जागा वेगळ्या असतात, वर सर्चमध्ये data saver टाकलं की सापडतं. सगळ्याच ॲप्सना सूट देत बसू नका, मग सेव्हर ठेवून उपयोग काय 😄

आणि खरंच किती वाचेल ते ॲपच्या डेटा वापरात बघा, तिथे Foreground आणि Background वेगळं दाखवतात. समजा व्हिडिओच्या ॲपचं फोरग्राउंड ९०० एमबी आणि बॅकग्राउंड ४० एमबी आहे, तर वाचलं तर त्या ४० मधलंच वाचेल, कारण व्हिडिओ तुम्ही समोर बसून बघताय. काही ॲप्स सेव्हर चालू बघून स्वतःहून क्वालिटी कमी करतात पण ते त्यांच्या मर्जीवर, त्यामुळे व्हिडिओची क्वालिटी त्या ॲपमध्ये जाऊनच कमी करा.

अजून एक, सेव्हर चालू असताना तुमच्या फोनचा हॉटस्पॉट बहुतेक चालू होणार नाही, फोन बिघडला समजू नका, सेव्हर बंद केला की होतो.