डीएनएसचं, म्हणजे नाकाच्या वाकड्या पडद्याचं, ऑपरेशन करायच्या आधी ड्रॉप्सचं बघा

प्रश्न: "नाकाचं हाड वाकडं आहे आणि मांसही वाढलंय असं सांगितलंय. रात्रभर तोंडाने श्वास घेतो, रोज सकाळी घसा सोलल्यासारखा असतो. गुळण्या, अँटिबायोटिक सगळं झालं. ऑपरेशन करून टाकू का?"

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मी हेच शब्द लिहिले असते. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फक्त पेशंट आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या ईएनटीचाच.

घशाचं थोडक्यात सांगते. ताप नाही, उठल्याउठल्या सगळ्यात जास्त दुखतं आणि पाणी पिऊन, बोलायला लागून तासा-दोन तासांत उतरतं, असं असेल तर तो बहुतेक कोरडेपणा असतो. नाक हवा गरम आणि ओलसर करून आत सोडतं, तोंड ते तितकं करत नाही, म्हणून सात-आठ तास कोरडी हवा घशावर आपटत राहते. त्यावर अँटिबायोटिक काय करणार? मी एका वर्षात चार कोर्स घेतले आणि त्यातल्या एकदाही कोणी माझ्या नाकात नीट डोकावून पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही नाक उघडायचे ड्रॉप्स किंवा स्प्रे वापरताय का, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी वापरत होते. सुरुवात सर्दीत झाली, दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं, इतकं बरं वाटायचं की झोपताना रोज टाकायला लागले. मग पहाटे तीनला उठून परत, मग ऑफिसमध्येही. उशीखाली बाटली नसेल तर झोपच लागायची नाही. हे दोन वर्षं चाललं आणि मला वाटत होतं की माझं हाड वाढत चाललंय म्हणून ड्रॉप्स कमी पडतायत.

खरं उलट होतं. हे औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून सूज उतरवतं, पण असर संपला की त्या परत फुगतात, आणि रोज वापरलं की आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे ज्या चोंदण्यासाठी आपण थेंब टाकतो ते चोंदणं थेंबच तयार करत असतात. म्हणून सलग तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, मी कधी वाचलं नाही.

याच काळात मी एका ठिकाणी गेले (नाव लिहित नाही, उपयोग नाही). त्यांनी स्कॅन पाहिला, नाकाच्या मधला पडदा, ज्याला आपण हाड म्हणतो, तो डावीकडे वाकलाय म्हणाले आणि ऑपरेशनची तारीख दिली. पाच मिनिटं पण झाली नसतील. नाकात काय टाकतेस, हा एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण ड्रॉप्स म्हणजे औषध असं मला वाटतच नव्हतं. याचा राग मला अजूनही येतो, कारण तो प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

ऑपरेशन झालं, पडदा सरळ झाला, सूज उतरल्यावर दोन-तीन आठवडे छान गेले, मग एक सर्दी झाली, मी परत बाटली काढली आणि दोन महिन्यांत सकाळचा घसा जसाच्या तसा. फॉलोअपला गेले तर उत्तर मिळालं, "ऑपरेशन व्यवस्थित झालंय, हळूहळू सवय होईल."

दुसऱ्या ईएनटीकडे गेले तेव्हा त्या बाईंनी पहिल्यांदा पर्समधली बाटली टेबलावर ठेवायला लावली आणि विचारलं, "ही किती दिवसांत संपते?" मी म्हटलं, आठ-दहा. त्यांनी दुर्बीण घालून मला स्क्रीनवर दाखवलं. नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल भाग लालभडक सुजून पडद्याला टेकले होते, आणि वर, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओलसर दोन छोटे पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तरातून वाढलेल्या मऊ गाठी. पडदा सरळ करून ते जाणार नव्हतेच, ते वेगळं दुखणं आहे.

म्हणून "मांस वाढलंय" एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे सुजलेल्या टर्बिनेटलाही, म्हणजे बाजूच्या भिंतीवरच्या त्या मांसल भागालाही, मांस म्हणतात आणि पॉलिपलाही, दोन्हीचा इलाज वेगळा. नेमकं कोणतं आणि कोणत्या बाजूला, हे स्पष्ट विचारा. घरच्या घरी अंदाज असा: एकच नाकपुडी कायम बंद असेल तर पडद्याचा संशय जास्त, बाजू बदलत राहिली तर सूज, आणि दोन्ही बाजू बंद होऊन वासच येईनासा झाला तर पॉलिप. अंदाजच हा, दुर्बिणीला पर्याय नाही. एकाच बाजूला पॉलिप दिसला किंवा त्या बाजूने रक्त येत असेल तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच दाखवा.

ड्रॉप्स मी सोडले ते असे. आधी रोजचा स्टिरॉइड स्प्रे सुरू केला (मला मोमेटासोन दिला होता). आठवडाभराने उजव्या नाकपुडीत थेंब पूर्ण बंद, डाव्या बाजूत फक्त झोपताना. पहिल्या चार रात्री वाईट गेल्या, उजवी बाजू सिमेंट भरल्यासारखी. दहाव्या दिवशी सकाळी ती आपोआप उघडी होती, मग डावीकडचेही बंद केले. एकदम बंद करणारेही असतात, मला जमलं नसतं.

स्टिरॉइड स्प्रेची गंमत अशी की तो लगेच काहीच करत नाही, म्हणून लोक आठ दिवसांत टाकून देतात. सूज उतरायला दोन आठवडे धरा, पॉलिपला दोन-तीन महिने. आणि मारायची पद्धत: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्यात, टोक बाहेर कानाच्या दिशेने, पडद्याकडे नाही. पडद्यावर मारलं तर रक्त येतं. जोरात ओढू नका, घशात कडवट चव आली तर औषध पोटात गेलं समजा. त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर उत्तम, पण पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट नको.

एक महत्त्वाचं राहिलं. पॉलिपसोबत दमा असेल तर अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काहींना जबरदस्त श्वास लागतो, डॉक्टरांना हे नक्की सांगा. आणि तोंडाला टेप लावून झोपायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, नाकच बंद असताना तर नाहीच. घोरणं मध्येच थांबून दचकून जाग येत असेल तर झोपेची तपासणीही मागा.

ऑपरेशन वाईट असं माझं म्हणणं नाही. पडदा खरंच आडवा येत असेल तर औषधाने तो सरळ होत नाही. पण थोडाफार वाकडा पडदा बऱ्याच जणांचा असतो, स्कॅनमध्ये दिसला म्हणजे तोच गुन्हेगार असं नाही. तपासताना डॉक्टर नाकात तेच सूज उतरवायचं औषध मारून बघतात, त्याने नाक मोकळं झालं तर अडथळा सुजेचा, नाही झालं तर पडद्याचा किंवा पॉलिपचा. हे केलं का, विचारा.

माझं आत्ता, पॉलिप छोटे झालेत, गेलेले नाहीत, स्प्रे रोज चालू आहे. सकाळी घसा दुखत नाही.

तुम्ही ड्रॉप्स वापरता का, किती दिवसांपासून, आणि वास येतो का, एवढं लिहा.