कौलांवर टेकलेली हापूसची फांदी आणि मुंबईच्या काकांना चिठ्ठी

प्रश्न : शेजारच्या काकांच्या हापूसची फांदी गडग्यावरून आमच्या कौलांवर आली आहे, फोटो जोडलाय. काका मुंबईला असतात. त्यांना वाईट वाटणार नाही असं काय लिहू? की आमच्या बाजूला आलेली फांदी मीच तोडून टाकू?

फोटो मोठा करून पाहिला. त्यात दोन फांद्या आहेत. वरची बारीक आहे, तिचा पाला पन्हळीत पडत असेल एवढंच. ती राहू द्या. त्रास आहे तो खालच्या, मनगटाएवढ्या फांदीचा. ती वळचणीजवळच्या कौलावर टेकली आहे आणि तिथलं एक कौल सरकून खालची रीप उघडी पडली आहे. चिठ्ठी फक्त या एका फांदीबद्दल लिहा. ‘तुमचं झाड आमच्या घरावर आलंय’ असं वाचलं की लांब बसलेल्या माणसाला वाटतं, अख्खं कलमच तोडायला सांगतायत. मग बोलणंच खुंटतं.

आपल्या हद्दीत आलेला भाग हद्दीपर्यंत छाटता येतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण इथे तसं करू नका. फोटोत नीट पाहा, ही फांदी गडग्याच्या पलीकडे तीन-चार फुटांवर मोठ्या फांदीतून फुटली आहे. गडग्यालगत कापलीत तर तेवढं थोटूक मागे राहील. मी एकदा नेमकं हेच केलं. दोन पावसाळ्यांत त्या थोटकाला सात-आठ फुटवे आले आणि सगळे पुन्हा आमच्या छपराकडे वळले. टोकाला पाणी मुरून लाकूड कुजलं, आणि पुढे सालीतून भुसा पडायला लागला तेव्हा कळलं, भिरूड शिरलं होतं. झाड शेजाऱ्यांचं आणि दुखणं मी लावलेलं, याचं अजून वाईट वाटतं. योग्य काप फांदीच्या मुळाशी, म्हणजे काकांच्या जागेत पडतो. म्हणून त्यांचा होकार हवाच.

तुमच्या फोटोत कैऱ्या दिसतायत, तेव्हा आंबे उतरल्यावर आणि मृग लागायच्या आधी, म्हणजे साधारण 7 जूनपूर्वी, हे काम उरकायला हवं. मी असं लिहिलं असतं :

‘काका, नमस्कार. तुमचं कलम यंदा चांगलं धरलंय. गडग्याकडची एक खालची फांदी आमच्या पडवीच्या कौलांवर टेकली आहे, एक कौल सरकलंय. फोटोत लाल रेघ मारली आहे, तिथून तेवढी एकच फांदी काढू का? बाकी झाडाला हात लावणार नाही. आंबे तयार झाले की झेल्याने उतरवून तुमच्या घरी ठेवतो, फांदी त्यानंतरच कापू. गड्याची मजुरी मी देतो, लाकूड तुमच्या अंगणात रचून ठेवतो. तुम्ही मे महिन्यात येणार असाल तर तुमच्यासमोरच करू. पावसाआधी झालं तर बरं. तुम्ही सांगाल तसं.’

यात नुकसानभरपाईचा शब्द नाही, कायद्याचाही नाही. सरकलेलं कौल तुम्हीच बसवून घ्या, त्याचा हिशोब चिठ्ठीत नको.

फोटो मात्र नवा काढा. आत्ताच्या फोटोत फांदी दिसते, पण गडगा कडेला अर्धवट कापला गेलाय, त्यामुळे किती भाग कुणाकडे ते काकांना पटकन कळणार नाही. अंगणात मागे सरकून गडगा, फांदीचा उगम आणि कौल तिन्ही एका चौकटीत घ्या. दुसरा फोटो शिडीवरून, फांदी टेकली आहे तिथला, अगदी जवळून. लाल रेघ पहिल्या फोटोवर मारा. म्हणजे काकांना मुंबईत बसून नेमकं कळेल, आणि गड्यालाही तोच फोटो दाखवता येईल.

घर नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर काकांचा होकार आल्यावर तिथली परवानगीही आधी घ्या.

कापताना फांदी दोराने झाडाच्या वरच्या एखाद्या जाड फांदीला बांधून घ्या, नाहीतर ती सगळ्या वजनानिशी कौलांवरच येईल. उगमापासून फूटभर अलीकडे आधी खालून एक तृतीयांश करवत घाला, मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापा. असं केलं की साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेलं थोटूक शेवटी उगमाजवळच्या फुगीर कड्यालगत काढा, पण कडं कापू नका, जखम तिथूनच भरते. वर बोर्डो पेस्ट लावा : 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून मग एकत्र करायचं. एका कापाला हे पुरून उरतं.

काम झाल्यावर कापाचा फोटो काकांना त्याच मेसेजखाली पाठवा. पुढच्या वर्षी ते येतील तेव्हा कापाच्या कडेने नवी साल गोल वळून आत येताना दिसली, तर काप बरोबर पडला असं समजा.